चार हुंड्यांची एक तारीख

इचलकरंजीतला एक यंत्रमाग कारखानदार एकाच व्यापाऱ्याकडून सूत घेतो. माल उधारीवर येतो. प्रत्येक खेपेला व्यापारी मुदतीचे बिल लिहितो आणि कारखानदार त्यावर सही करून ते स्वीकारतो. २०२५ च्या मार्च ते जूनमध्ये अशी चार बिले झाली: ६०,००० रुपयांचे, ४०,००० चे, ३०,००० चे आणि ७०,००० चे. एकूण दोन लाख. व्यापाऱ्याने ती बँकेत वटवली नाहीत, आपल्याच कपाटात ठेवली. जूनच्या मध्यावर पहिल्या दोन बिलांची मुदत उलटून गेली होती, उरलेल्या दोन बिलांची यायची होती. तेव्हा कारखानदार म्हणाला, "शेठ, चार वेळा चार तारखा कुठे सांभाळायच्या? सगळे पैसे एकदमच देतो. तारीख तुम्ही काढा, पण अशी काढा की तुमचं व्याज बुडायला नको आणि माझ्यावर जास्तीचं बसायला नको."

या मागणीतली तारीख म्हणजेच सरासरी देय तारीख. ही व्यवस्था चारही बिलांचा मालक एकच असेल तरच शक्य होते. एखादे बिल बँकेकडे गेले असते, तर बँकेने पैसे त्या बिलाच्या तारखेलाच मागितले असते. त्यामुळे पहिली चौकशी हीच करायची, की बिले आत्ता कोणाच्या हातात आहेत.

तारीख काढण्यामागची कल्पना एका वाक्यात सांगता येते. व्याज रकमेवर अवलंबून असते तसेच दिवसांवरही, म्हणून मोजायचे एकक रुपया नव्हे आणि दिवसही नव्हे. मोजायचा तो रुपया गुणिले दिवस. हजार रुपये दहा दिवस अडकणे आणि दहा हजार रुपये एक दिवस अडकणे, सरळव्याजाच्या हिशोबात दोन्ही सारखेच. मी या एककाला रुपया-दिवस म्हणतो. हिशोबनीस त्याला नुसता 'गुणाकार' म्हणतात. पुढच्या सगळ्या आकडेमोडीत एवढीच एक गोष्ट निरनिराळ्या रूपांत येत राहील.

गुणाकारापर्यंत पोचण्याआधी मात्र प्रत्येक बिलाची स्वतःची देय तारीख बिनचूक काढावी लागते. चुका होतात त्या बहुतेक इथेच. नियम १८८१ च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्यात आहेत, कलम २२ ते २५ मध्ये. मुदतीच्या बिलाला मुदत संपल्यावर तीन दिवसांची सवलत मिळते. दर्शनी बिलाला, म्हणजे दाखवताक्षणी पैसे द्यायच्या बिलाला, ही सवलत नाही.

पहिले बिल १२ मार्चचे, दोन महिन्यांचे. मुदत १२ मेला भरली, तीन दिवस सवलतीचे, देय तारीख १५ मे. यात अवघड काही नाही. दुसरे बिल ११ एप्रिलचे, पण त्याची मुदत महिन्यांत नव्हती, दिवसांत होती: ६० दिवस. अशा वेळी बिलाची स्वतःची तारीख मोजायची नसते. एप्रिलचे उरलेले १९ दिवस, मेचे ३१ आणि जूनचे १०, असे ६० दिवस १० जूनला पुरे होतात. त्यात तीन मिळवले की १३ जून. '६० दिवस म्हणजे दोन महिनेच ना' असे धरून ११ जून आणि तीन दिवस मिळून १४ जून लिहिणारे पुष्कळ भेटतात. दिवसांची मुदत दिवसांनी मोजायची आणि महिन्यांची महिन्यांनी.

तिसरे बिल ३१ मार्चचे, तीन महिन्यांचे. जूनला ३१ तारीख नाही. कायदा सांगतो की जुळणारी तारीख नसेल तर महिन्याचा शेवटचा दिवस धरावा. म्हणून ३० जून, आणि सवलत धरून ३ जुलै. चौथे बिल १२ जूनचे, दोन महिन्यांचे. मुदत १२ ऑगस्टला भरते, सवलत धरून १५ ऑगस्ट येते. तो सार्वजनिक सुट्टीचा दिवस. एरवी सुट्टी आली की काम दुसऱ्या दिवसावर जाते, पण बिलाच्या बाबतीत कलम २५ उलट सांगते. देय तारीख सुट्टीच्या दिवशी आली तर बिल त्याच्या आधीच्या कामाच्या दिवशी देय होते. म्हणून या बिलाची तारीख १४ ऑगस्ट. रविवारसुद्धा या कलमात सार्वजनिक सुट्टीच आहे, तेव्हा कॅलेंडर समोर उघडे ठेवूनच हे काम करावे.

आता चार तारखा हाती आल्या: १५ मे, १३ जून, ३ जुलै, १४ ऑगस्ट. त्यांतली सर्वांत आधीची, १५ मे, मोजणीचा आरंभ म्हणून घेऊ. तिला आधार तारीख म्हणतात. तिच्यापासून पहिल्या बिलाला शून्य दिवस, दुसऱ्याला २९, तिसऱ्याला ४९ आणि चौथ्याला ९१. प्रत्येक रकमेला तिच्या दिवसांनी गुणले की पहिल्याचे शून्य, दुसऱ्याचे ११,६०,०००, तिसऱ्याचे १४,७०,००० आणि चौथ्याचे ६३,७०,००० रुपया-दिवस येतात. बेरीज ९०,००,०००. तिला दोन लाखांनी भागले की ४५. म्हणजे १५ मेपासून ४५ दिवसांनी, २९ जूनला, सगळे दोन लाख एकदम द्यावेत.

पहिले बिल शून्य दिवसांचे म्हणून त्याचा गुणाकार शून्य आला, पण त्याचे साठ हजार भाजकात राहिलेच पाहिजेत. 'याचे काहीच होत नाही' म्हणून ते वगळणारा ९० लाखांना १,४०,००० ने भागतो, ६४ दिवस काढतो आणि तारीख जवळजवळ तीन आठवडे पुढे नेतो. दुसरी चूक त्याहून सोपी: रकमा विसरून नुसत्या दिवसांची सरासरी काढणे. शून्य, २९, ४९ आणि ९१ यांची सरासरी सव्वाबेचाळीस दिवस येते, म्हणजे २६ जूनच्या आसपास. सर्वांत मोठे बिल सर्वांत उशिराचे आहे, त्याचे वजन या सरासरीत धरलेच जात नाही.

२९ जून ही तारीख खरोखर न्याय्य आहे का, हे दोन्ही बाजूंनी मोजून पाहता येते. त्या दिवशी पैसे दिले तर पहिले बिल ४५ दिवस उशिरा फिटते आणि दुसरे १६ दिवस उशिरा. व्यापाऱ्याचे अडकलेले रुपया-दिवस २७,००,००० अधिक ६,४०,०००, म्हणजे ३३,४०,०००. उलट तिसरे बिल चार दिवस आधी फिटते आणि चौथे ४६ दिवस आधी. कारखानदाराने आगाऊ सोडलेले रुपया-दिवस १,२०,००० अधिक ३२,२०,०००, म्हणजे पुन्हा ३३,४०,०००. तराजूचा काटा बरोबर मध्ये उभा राहतो. भागाकारातून तारीख आली एवढ्यावर समाधान मानू नये. हा पडताळा दोन मिनिटांत होतो आणि आकडा चुकला असेल तर लगेच बोलतो.

२९ जून २०२५ रोजी रविवार आहे. इथे काहीजण गडबडतात आणि सुट्टीचा नियम पुन्हा लावून तारीख २८ वर आणतात. कोणी आणखी तीन दिवस सवलतीचे मिळवतो. दोन्ही चूक. सवलत आणि सुट्टी प्रत्येक बिलाच्या तारखेत आधीच धरली आहे. सरासरी तारीख ही कोणत्याही बिलाची देय तारीख नसते, ती व्याज कुठून सुरू करायचे हे सांगणारी खूण असते. पैसे प्रत्यक्ष सोमवारी दिले तर एक दिवसाचे व्याज लावावे, हिशोब पूर्ण होतो.

आधार तारीख कोणतीही घेतली तरी उत्तर तेच येते, हे नवशिक्यांना खोटे वाटते. म्हणून ३ जुलै आधार धरून पाहू. पहिले बिल तिच्या ४९ दिवस आधीचे, म्हणून त्याचा गुणाकार उणे २९,४०,०००. दुसरे २० दिवस आधीचे, उणे ८,००,०००. तिसऱ्याचा शून्य. चौथे ४२ दिवस नंतरचे, अधिक २९,४०,०००. पहिले आणि चौथे एकमेकांना पूर्ण खोडून टाकतात, उरतात ते उणे आठ लाख. त्यांना दोन लाखांनी भागले की उणे चार, आणि ३ जुलैच्या चार दिवस मागे २९ जूनच येते. सर्वांत आधीची तारीख घेण्याचा फायदा एवढाच, की उणे चिन्हे येत नाहीत. संगणकावर तर आधार तारीख निवडावीही लागत नाही. एक्सेल प्रत्येक तारीख १९०० सालाच्या आरंभापासूनचा दिवसक्रमांक म्हणून साठवते, त्यामुळे A स्तंभात रकमा आणि B स्तंभात तारखा असल्या की एवढेच पुरते:

```
=SUMPRODUCT(A2:A5,B2:B5)/SUM(A2:A5)
```

उत्तराच्या घराला तारखेचे रूप दिले की २९ जून २०२५ दिसते. तिथे आधार शंभर वर्षांहून जुना आहे आणि उत्तरात तसूभर फरक नाही.

आता कारखानदाराने २९ जूनला पैसे दिले नाहीत, ३० सप्टेंबरला दिले, असे समजू. ठरलेला दर वर्षाला १२ टक्के. २९ जून ते ३० सप्टेंबर ९३ दिवस होतात. दोन लाखांवर ९३ दिवसांचे व्याज ६,११५ रुपये ७ पैसे. चार बिलांवर चार तारखांपासून स्वतंत्र व्याज काढले तर दिवस अनुक्रमे १३८, १०९, ८९ आणि ४७ येतात, गुणाकारांची बेरीज १,८६,००,००० भरते, आणि दोन लाखांना ९३ ने गुणल्यावरही तेवढीच येते. चार हिशोबांच्या जागी एक हिशोब, पैशाचाही फरक न पडता. बिलावर किंवा करारात दर लिहिलाच नसेल आणि मामला कोर्टात गेला, तर परक्राम्य दस्तऐवज कायद्याचेच कलम ८० वर्षाला १८ टक्के धरते. तेव्हा दर लिहून ठेवणे दोघांच्याही हिताचे.

इथवर पैसे एकाच दिशेने वाहत होते. पण सूतवाला आणि कारखानदार यांचे नाते इतके एकेरी नसते. व्यापारी सूत देतो आणि कधी त्याच कारखानदाराकडून कोरे कापडही घेतो. मधूनमधून रक्कम येते. असा दुतर्फा व्यवहार एका कागदावर तारीखवार मांडून, ठरलेल्या दिवसापर्यंत व्याज लावून एक पक्ष दुसऱ्याला पाठवतो, त्याला हिशोबशास्त्रात चालू खाते म्हणतात. बँकेतल्या चालू खात्याशी याचा संबंध नाही. हा दोन व्यापाऱ्यांमधला व्याजासकट उतारा असतो.

त्याच दोघांचा ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ या तिमाहीचा उतारा घेऊ. व्यापाऱ्याच्या वहीतून तो कारखानदाराला पाठवलेला आहे. दर १२ टक्के, हिशोब ३१ डिसेंबरपर्यंत.

| बाजू | तपशील | देय तारीख | रक्कम | ३१ डिसेंबरपर्यंत दिवस | गुणाकार |
|---|---|---|---|---|---|
| नावे | आरंभीची बाकी | १ ऑक्टोबर | ५०,००० | ९२ | ४६,००,००० |
| नावे | सूत, १५ ऑक्टोबरची विक्री, एक महिना उधार | १५ नोव्हेंबर | ८०,००० | ४६ | ३६,८०,००० |
| नावे | सूत, १० डिसेंबरची विक्री, एक महिना उधार | १० जानेवारी २०२६ | ६०,००० | उणे १० | उणे ६,००,००० |
| जमा | बँकेतून आलेली रक्कम | ६ नोव्हेंबर | ७०,००० | ५५ | ३८,५०,००० |
| जमा | घेतलेले कोरे कापड | १ डिसेंबर | ४०,००० | ३० | १२,००,००० |

दिवस मोजताना एक बारीक फरक लक्षात ठेवायचा. मधल्या नोंदींचा स्वतःचा दिवस मोजत नाहीत, फक्त शेवटचा मोजतात. म्हणून १ डिसेंबर ते ३१ डिसेंबर ३० दिवस. पण आरंभीची बाकी ३० सप्टेंबरच्या रात्रीच उभी होती, १ ऑक्टोबरला ती नव्याने झाली नाही. म्हणून तिच्यासाठी १ ऑक्टोबर धरून पूर्ण ९२ दिवस घ्यायचे. इथे ९१ घेतले तर दर तिमाहीला एक दिवस गळतो, आणि बाकी मोठी असली की वर्षाअखेर चार दिवसांचे व्याज कोणाच्या तरी खिशातून गेलेले असते.

नावे बाजूचे गुणाकार ८२,८०,००० वजा ६,००,०००, म्हणजे ७६,८०,०००. जमा बाजूचे ५०,५०,०००. फरक २६,३०,००० रुपया-दिवस. त्याला १२ ने गुणून ३६,५०० ने भागले की व्याज ८६४ रुपये ६६ पैसे. रकमांची बाकी १,९०,००० वजा १,१०,०००, म्हणजे ८०,०००. दोन्ही मिळून ८०,८६४ रुपये ६६ पैसे पुढच्या तिमाहीत जातात.

आता त्या उणे सहा लाखांकडे येऊ, कारण या सगळ्या विषयात समजून घेण्यासारखी जागा तीच आहे. डिसेंबरमध्ये विकलेल्या सुताचे पैसे १० जानेवारीला देय आहेत. ३१ डिसेंबरला हिशोब बंद करताना त्या साठ हजारांवर व्याज सुरूच झालेले नाही. मग उणे का? नुसते शून्य का नको? हाताने वह्या लिहीत तेव्हा असा गुणाकार लाल शाईने लिहीत, म्हणून याला लाल शाईचे व्याज म्हणतात. पाठ्यपुस्तक सांगते 'लाल शाईचा गुणाकार वजा करावा', आणि विद्यार्थी पाठ करतो. कारण मात्र पुढच्या तिमाहीत दडलेले आहे.

३१ डिसेंबरला निघालेल्या ८०,००० च्या बाकीत ते साठ हजार मिसळून गेले. जानेवारीत ही सगळी रक्कम 'आरंभीची बाकी' या एका ओळीत येईल आणि तिच्यावर १ जानेवारीपासून व्याज चालू होईल. त्या ओळीला माहीत नाही की आपल्यातल्या साठ हजारांना अजून दहा दिवसांची मुदत आहे. १ ते १० जानेवारी या दहा दिवसांचे साठ हजारांवरचे व्याज, म्हणजे बरोबर सहा लाख रुपया-दिवस, कारखानदारावर विनाकारण बसणार. ते आज आधीच वजा करून ठेवले की जानेवारीत बसणाऱ्या जादा व्याजाशी त्याची फिटंफाट होते. शून्य धरणाऱ्याने या तिमाहीत काही चूक केली असे दिसत नाही, त्याची चूक पुढच्या तिमाहीत उगवते. याउलट उणे चिन्ह न पाहता सहा लाख मिळवणारा याच तिमाहीत फरक ३८,३०,००० वर नेतो, व्याज १,२५९ रुपये १८ पैसे दाखवतो आणि जवळजवळ ३९५ रुपये जास्त लावतो.

हे कारण कळले की नियमाची मर्यादाही कळते. हिशोब ३१ डिसेंबरला कायमचा मिटवायचा असेल आणि कारखानदार त्याच दिवशी सगळे ८०,००० देत असेल, तरी उणे बरोबरच आहे: तो साठ हजार दहा दिवस आधी देतो आहे, म्हणून त्याला तेवढी सूट. पण व्यापारी पुढच्या तिमाहीत त्या विक्रीची ओळ तिच्या १० जानेवारी या तारखेनिशी वेगळी मांडणार असेल, तर आज वजा करायचे नाही, नाहीतर सूट दोनदा मिळेल.

उताऱ्याचा पडताळा उलट्या दिशेने घेता येतो. शेवटच्या दिवसापासून मागे मोजण्याऐवजी ३० सप्टेंबरपासून पुढे मोजायचे. आरंभीच्या बाकीला शून्य दिवस, ८०,००० ला ४६, ६०,००० ला १०२. जमेला ३७ आणि ६२. नावेचे गुणाकार ३६,८०,००० आणि ६१,२०,०००, मिळून ९८,००,०००. जमेचे २५,९०,००० आणि २४,८०,०००, मिळून ५०,७०,०००. फरक ४७,३०,०००. आता ८०,००० ची बाकी पूर्ण ९२ दिवस उभी होती असे धरले तर ७३,६०,००० रुपया-दिवस झाले असते. त्यातून ४७,३०,००० गेले की २६,३०,०००. पहिल्या पद्धतीचाच आकडा. या मांडणीत लाल शाई लागतच नाही, १०२ हा साधा अधिक आकडा आहे. उणे चिन्हाशी ज्याची झटापट होते त्याने हीच पद्धत धरावी असे मला वाटते.

या पडताळ्यातच दोन्ही विषयांची गाठ पडते. ४७,३०,००० ला ८०,००० ने भागून पाहा: ५९ दिवस आणि एक अष्टमांश. ३० सप्टेंबरनंतर ५९ दिवसांनी २८ नोव्हेंबर येते. ती या खात्याची सरासरी देय तारीख. पाच नोंदींचा हा उतारा व्याजाच्या दृष्टीने एवढेच सांगतो, की कारखानदाराने २८ नोव्हेंबरपासून ८०,००० रुपये देणे आहे. तिथून ३१ डिसेंबरपर्यंत ३३ दिवस, गुणाकार २६,४०,०००. आपल्या आकड्यापेक्षा दहा हजार रुपया-दिवस जास्त. हा फरक दिवसाचा अष्टमांश सोडल्यामुळे आला आणि व्याजात तो सव्वातीन रुपयांचा आहे. तारीख पूर्ण दिवसात लिहावी लागते म्हणून एवढी तफावत राहते. रकमा मोठ्या असतील तर तारीख कळवावी, पण व्याज गुणाकारांवरूनच काढावे.

दुतर्फा खात्यात सरासरी तारीख काढताना एक विचित्र गोष्ट घडू शकते. समजा १ तारखेला एक लाख देय झाले आणि तीस दिवसांनी ९९,००० आले. बाकी फक्त हजार. सरासरी काढली तर उणे २,९७० दिवस येतात, म्हणजे आठ वर्षांहून मागची तारीख! आकडेमोड चुकलेली नाही. एक लाख रुपये तीस दिवस अडकले, त्याचे तीस लाख रुपया-दिवस झाले, आणि तेवढेच रुपया-दिवस हजाराच्या बाकीतून उभे करायचे तर ती आठ वर्षांपूर्वीच थकली असे म्हणावे लागते. पण ही तारीख समोरच्याला कळवली तर तो वही फेकून देईल. बाकी शून्य असेल तर भागाकारच होत नाही, तरी व्याज देणे असतेच. दोन्ही बाजू जवळपास सारख्या असतील तिथे तारखेच्या मागे लागू नये, गुणाकारांच्या फरकावरून व्याज सांगावे.

आणखी एक गृहीत या सगळ्यात लपलेले आहे: नावे आणि जमा दोन्ही बाजूंना दर सारखाच. आपल्याच उताऱ्यात ६ नोव्हेंबरला ७०,००० आले तेव्हा देणे होते फक्त ५०,०००. म्हणजे १५ नोव्हेंबरपर्यंत नऊ दिवस व्यापारीच कारखानदाराचा वीस हजारांनी देणेकरी होता. वरच्या हिशोबाने त्या नऊ दिवसांचे १,८०,००० रुपया-दिवस कारखानदाराच्या बाजूने आपोआप धरले. व्यापाऱ्याने 'मी घ्यायचे व्याज लावतो, द्यायचे लावत नाही' असे ठरवले असते, तर व्याज ५९ रुपये १८ पैशांनी वाढले असते, आणि दोन बाजूंच्या बेरजेवरून ते काढता आले नसते. तेव्हा रोजच्या बाकीची पद्धत लागते: बाकी जेव्हा जेव्हा बदलते तेव्हा ती आणि ती किती दिवस टिकली हे लिहायचे. आपल्या खात्यात ५०,००० ची बाकी ३७ दिवस, वीस हजार जमेची ९ दिवस, ६०,००० ची १६ दिवस आणि २०,००० ची ३० दिवस. बँका हेच करतात. बचत खात्यावर रोजच्या बाकीने व्याज द्यावे असा नियम रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१० पासून लागू केला. त्याआधी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतची सर्वांत कमी बाकी धरत, आणि १२ तारखेला मोठी रक्कम काढून १५ ला परत भरणाऱ्याचे महिन्याचे व्याज जात असे.

आणि शेवटी चक्रवाढीची गोष्ट. रुपया-दिवसांची बेरीज-वजाबाकी सरळव्याजातच खरी ठरते, कारण तिथे उशिराचा प्रत्येक दिवस सारख्याच किमतीचा असतो. चक्रवाढीत चाळिसावा दिवस चौथ्या दिवसापेक्षा महाग असतो, म्हणून उशिराचे आणि आगाऊचे दिवस एकमेकांना पूर्ण खोडत नाहीत. आपल्या उताऱ्यातही ८६४ रुपये ६६ पैसे बाकीत मिळवून पुढे नेले की पुढच्या तिमाहीत व्याजावर व्याज सुरू होते; ते नको असेल तर व्याजाची ओळ वेगळी ठेवावी, असे दोघांनी आधी ठरवावे लागते. कायद्यानेच चक्रवाढ ठरवून दिलेली एक जागा या कारखानदाराच्या रोजच्या धंद्यात आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या उत्पादकाने विणलेल्या कापडाचे पैसे खरेदीदाराने मुदतीत दिले नाहीत, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याचे कलम १६ रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्यामहिन्याला चक्रवाढ होणारे व्याज लावते. तिथे थकलेली पाच बिले एका सरासरी तारखेवर आणली तर आकडा खऱ्या देण्यापेक्षा कमी येतो, आणि तोटा कापड विणणाऱ्याचा होतो. तिथे प्रत्येक बिल त्याच्या स्वतःच्या तारखेपासून, महिन्यामहिन्याने, वेगळेच चालवावे लागते.